नफा कागदावर, पैसा बाहेर

माल विकला की त्याचे पैसे हाती आलेले नसले, तरी विक्री त्याच दिवशी हिशेबात धरली जाते. न आलेली रक्कम ताळेबंदात ‘येणी’ म्हणून दिसते. ही पद्धत रास्तच आहे. उधारीशिवाय व्यापार चालत नाही. पण नफा फुगवून दाखवायचा असेल, तर सर्वांत सोपी वाटही हीच. बिल फाडायला वेळ लागत नाही. खोट्या किंवा घाईने दाखवलेल्या विक्रीचे पैसे मात्र कोणी आणून देत नाही. त्यामुळे विक्री आणि नफा वाढत राहतो, येणी त्याहून वेगाने वाढतात आणि धंद्यातून येणारी रोकड जागच्या जागी राहते.

अमेरिकेतील सनबीम ही मिक्सर, इस्त्री, गॅसच्या शेगड्या अशा घरगुती वस्तू बनवणारी कंपनी याचे ठळक उदाहरण आहे. 1996 मध्ये अल डनलॅप तिचे प्रमुख झाले. 1997 मध्ये विक्री सुमारे 98 कोटी डॉलरवरून 117 कोटींवर गेली, म्हणजे 19 टक्के वाढ. निव्वळ नफा जवळपास 11 कोटी डॉलर दाखवला गेला. शेअर बाजार खूश झाला.

त्याच अहवालात येणी मात्र सुमारे 21.3 कोटींवरून 29.6 कोटींवर, म्हणजे 38 टक्क्यांहून अधिक वाढलेली होती. येण्यांना वर्षाच्या विक्रीने भागून 365 ने गुणले, की उधारी सरासरी किती दिवसांनी वसूल होते ते कळते. सनबीमचा हा आकडा 79 दिवसांवरून 92 वर गेला होता. खरी स्थिती याहून वाईट होती. वर्ष संपता संपता कंपनीने सुमारे 5.9 कोटी डॉलरची येणी दुसऱ्यांना विकून रोकड उभी केली आणि तेवढी येणी ताळेबंदातून उतरली. ती परत मिळवली तर वसुलीचा काळ 111 दिवस होतो. येणी विकल्याचा उल्लेख अहवालात असतो, पण टिपांमध्ये. म्हणून ताळेबंद वाचताना टिपा सोडू नयेत.

रोख प्रवाह पत्रक तर स्पष्टच बोलत होते. येणी विकून आलेला पैसा धरूनही वर्षभराच्या कामकाजातून रोकड आली नव्हती, उलट 82 लाख डॉलर बाहेर गेले होते. यामागची युक्ती अशी होती: उन्हाळ्यात खपणाऱ्या शेगड्या दुकानदारांना हिवाळ्यातच ‘विकल्या’ जात. त्यांना भरघोस सूट आणि पैसे देण्यासाठी लांबची मुदत मिळे, आणि माल गोदामातच पडून राही. पुढच्या वर्षाची विक्री अशी या वर्षात ओढल्यामुळे 1998 ची पहिली तिमाही कोरडी गेली. जूनमध्ये डनलॅप यांना काढण्यात आले, जुने हिशेब दुरुस्त करावे लागले आणि 2001 मध्ये कंपनीने दिवाळखोरीसाठी अर्ज केला.

अर्थात येणी वाढली म्हणजे लबाडी झालीच, असे म्हणता येत नाही. सरकारी कंत्राटांचे पैसे उशिरा येतात. मार्चमध्ये मोठी विक्री झाली, तर 31 मार्चला येणी फुगलेली दिसतात. म्हणून एका वर्षावर न थांबता तीन-चार वर्षांचे आकडे शेजारी मांडावेत आणि त्याच धंद्यातल्या दुसऱ्या कंपनीशी ताडून पाहावेत. नफा सलग वाढतो, रोकड सलग मागे राहते आणि व्यवस्थापनाकडे साधे उत्तर नाही, तेव्हा शंका पक्की धरावी.

या कसोटीला एक मोठी मर्यादा आहे. रोकडच खोटी असेल तर ती निरुपयोगी ठरते. हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर्सचे तसेच झाले. 7 जानेवारी 2009 रोजी अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्राने कबूल केले, की ताळेबंदात दाखवलेल्या 5,361 कोटी रुपयांच्या रोख व बँक शिलकेपैकी 5,040 कोटी अस्तित्वातच नाहीत. येणीही 490 कोटींनी फुगवलेली होती. अशा वेळी शिलकेवर मिळालेले व्याज तिच्या मानाने पुरेसे आहे का आणि हाती एवढा पैसा असताना कंपनी कर्ज का काढते, हे पाहावे लागते. त्यातही व्याजाचा आकडा खोटा लिहिता येतो. सत्यमच्या हिशेबात 376 कोटींचे व्याज असेच नसलेले होते. तिथे वाचकाचे हात बांधलेले असतात. बँकेकडून थेट खात्री करून घेणे हे लेखापरीक्षकाचे काम, आणि ते चोख झाले नाही तर बाहेरच्या माणसाला फसवणूक कळणे जवळपास अशक्य.

येण्यांच्या बाबतीत भारतीय वाचकाची सोय आता बरी आहे. 1 एप्रिल 2021 पासून कंपन्यांना येणी किती जुनी आहेत याचा तक्ता द्यावा लागतो: सहा महिन्यांच्या आतली, सहा महिने ते एक वर्ष, आणि पुढे तीन वर्षांहून जुनी इथपर्यंत. वार्षिक अहवालाच्या टिपांमध्ये हा तक्ता सापडतो.