परतीचा निर्णय आणि हंगामाचे गणित

आखातातून वा जहाजावरील नोकरीतून डिसेंबरच्या सुट्टीत घरी येणारे कित्येक गोमंतकीय त्याच दिवसांत येथील रोजगाराची चाचपणी करतात. त्या वेळी कळंगुटपासून कोळव्यापर्यंतच्या हॉटेलांना माणसे हवीच असतात. पण हा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे असा आठ महिन्यांचा. पावसाळ्यात किनाऱ्यावरील शॅक मोडून ठेवलेले असतात, लहान हॉटेले कर्मचारी कमी करतात. म्हणून चौकशी जुलैत करावी. बाजाराचे खरे रूप तेव्हाच दिसते.

समजा, एखाद्या स्वयंपाक्याला हंगामापुरते दरमहा ४० हजार रुपये देऊ केले. आठ महिन्यांचे ३ लाख २० हजार होतात. बारा महिन्यांवर विभागल्यास हाती २६,७०० सुद्धा पडत नाहीत. वेर्णा औद्योगिक वसाहतीतील एखाद्या उपाहारगृहाची ३० हजारांची बारमाही नोकरी ऐकायला लहान वाटते, पण वर्षाला ३ लाख ६० हजार देते. घरची बागायत असेल, चार महिने तिकडे सत्कारणी लागत असतील, तर हंगामी कामही परवडते. हे मात्र ज्याचे त्याने ठरवावे.

मालक ‘नोकरी कायमची आहे’ असे तोंडी सांगतो. त्यावर विसंबू नये. नियुक्तिपत्रात मुदत आहे का आणि ते हॉटेलचे आहे की कंत्राटदाराचे, हे पाहावे. तेथेच काम करणाऱ्या ओळखीच्या माणसाला त्याच्या भविष्य निर्वाह निधीच्या पासबुकाविषयी विचारावे. दरवर्षी जून ते सप्टेंबरच्या नोंदी गायब असतील, तर ती नोकरी हंगामीच समजावी.