ओरखडे पडलेली डीव्हीडी: आधी कॉपी, मग पॉलिश

पॉलिश केली की डिस्क चालेल का? ओरखडा कुठल्या बाजूला आहे, त्यावर ते ठरतं.

सीडीचा चकाकता थर नाव लिहितो त्या बाजूला, अगदी वरच असतो. तो खरवडून आरपार उजेड दिसला, तर तिथला डेटा गेलाच. डीव्हीडीत तो थर दोन प्लास्टिकच्या मध्ये असतो, म्हणून जरा सुरक्षित. खालच्या ओरखड्याने डेटा जात नाही, फक्त लेझरची वाट अडते. पॉलिशचा उपयोग इथेच.

आमच्या पिशोरच्या आत्याच्या लग्नाची डीव्हीडी अशीच अडकायची. आधी लिनक्सवर कॉपी घेतली:

```
ddrescue -n -b2048 /dev/sr0 lagna.iso lagna.map
```

काय वाचायचं राहिलं, ते मॅप फाइलमध्ये नोंदलं जातं. मग दुसऱ्या कंपनीचा ड्राइव्ह लावून `-n` ऐवजी `-d -r3` दिलं. तो फक्त राहिलेलेच भाग वाचतो. प्रत्येक ड्राइव्हची नजर वेगळी, त्यामुळे बरंच भरून निघालं.

उरलेल्यासाठी प्लास्टिक पॉलिश, मऊ कापडाने, मधून कडेकडे सरळ. गोल घासू नका: डेटा गोल ओळीत असतो, त्याच दिशेचा ओरखडा सलग डेटा झाकतो आणि ड्राइव्हला चूक दुरुस्त करता येत नाही. मग तीच कमांड पुन्हा. एक ओरखडा फार खोल होता. तेवढे काही सेकंद मात्र आले नाहीत.