मोटर फिरली की मेंदू बंद

इंजिनीअरिंग कॉलेजच्या रोबोटिक्स क्लबमध्ये हे दृश्य हमखास दिसतं. दोन मोटरची गाडी टेबलावर उचलून धरली की चाकं सुरेख फिरतात, पण जमिनीवर ठेवली की गचका खाऊन थांबते. लॅपटॉपच्या पडद्यावर एकच ओळ उमटते:

```
Brownout detector was triggered
```

गाडीचा मेंदू, म्हणजे ईएसपी३२ ही चिप, वीज कमी पडल्यामुळे स्वतःला रिसेट करत असते. मुलं प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतात. चूक बहुतेक वेळा वायरिंगमध्ये असते.

थांबलेली मोटर सुरू होताना पहिल्या क्षणी ती चाक जाम झाल्यावर ओढते तेवढाच करंट ओढते. फिरताना अर्धा अँपिअर घेणारी साधी गिअर मोटर त्या क्षणी अडीच अँपिअर मागते, म्हणजे दोन मोटर मिळून पाच. ब्रेडबोर्डचे क्लिप आणि बारीक जंपर वायर यांचा मिळून ०.३ ओहम रोध धरला, तरी वाटेत दीड व्होल्ट गळतात. ७.४ व्होल्टच्या बॅटरीचे सहाच्या आत उरतात, आणि पाच व्होल्ट देणाऱ्या साध्या रेग्युलेटरला तर सात हवे असतात. त्यातच वायफाय सुरू असेल, तर चिपही मधूनमधून अर्ध्या अँपिअरपर्यंत झटके घेते.

या टप्प्यावर स्वतःचा पीसीबी बनवायचा विचार येतो. सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ग्रेनोब्लमध्ये १९९२ साली सुरू झालेलं कायकॅड आज सगळीकडे वापरतात. पण सॉफ्टवेअर करंटचा विचार करत नाही. तो माणसालाच करावा लागतो.

सुरुवात स्कीमॅटिकपासून, म्हणजे कोणता पाय कोणाला जोडायचा याच्या नकाशापासून. समजा, तीन सेलची लिथियम बॅटरी आहे, पूर्ण भरल्यावर १२.६ व्होल्टची. तिच्यातून दोन वाटा फुटतात. एक थेट मोटर ड्रायव्हरकडे जाते. दुसरी बक कन्व्हर्टरकडे, जो बारा व्होल्टचे पाच करतो, आणि पुढे चिपसाठी ३.३. बक कन्व्हर्टरचा फायदा असा, की बॅटरी क्षणभर दहा व्होल्टवर आली तरी त्याचं आउटपुट ढळत नाही.

खरे खड्डे चिपच्या पायांपाशी असतात. ईएसपी३२चा GPIO12 हा पाय चालू होण्याच्या क्षणी वर खेचलेला असेल, तर अनेक मॉड्यूलमध्ये मेमरीला चुकीचं व्होल्टेज मिळतं आणि चिप सुरूच होत नाही. त्या पायावर पुल-अप असलेला एन्कोडर जोडला, तर बोर्ड मेलेला वाटतो. GPIO34 ते GPIO39 या पायांना फक्त ऐकता येतं, हुकूम देता येत नाही. सॉफ्टवेअरची तपासणी यातलं काही पकडेलच असं नाही, कारण तिच्या लेखी वायर जोडली गेली की काम झालं. चिपची डेटाशीट उघडून प्रत्येक पाय ताडून पाहण्याला पर्याय नाही.

कनेक्टर हा नवख्यांना सर्वांत कंटाळवाणा वाटणारा भाग, आणि बोर्ड जाळण्यात सर्वांत पुढे असलेलाही. छोट्या सर्व्हो मोटरच्या तीन पिनांमध्ये पुरवठा मधोमध असतो. प्लग उलटा बसला तर सिग्नल आणि ग्राउंडची अदलाबदल होते. सर्व्हो चालत नाही, पण सहसा जळतही नाही. अंतर मोजणाऱ्या एचसी-एसआर०४ सेन्सरच्या चार पिनांची गोष्ट वेगळी. तिथे पुरवठा एका टोकाला आणि ग्राउंड दुसऱ्या टोकाला, त्यामुळे साध्या पिन लावल्या आणि प्लग फिरला की सेन्सर गेलाच. म्हणून सेन्सर आणि मोटरसाठी एकाच बाजूने बसणारे जेएसटी एक्सएच कनेक्टर घ्यावेत. पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरातल्या दुकानांत असा माल मिळतो. त्यांची क्षमता तीन अँपिअर, म्हणजे एका मोटरला पुरेशी. बॅटरीचे पाच अँपिअर मात्र त्यांच्यावर टाकू नयेत. तिथे एक्सटी३० लागतो. त्याच सेन्सरची परतीची तार पाच व्होल्ट देते आणि ईएसपी३२ला ३.३ पुरेत, म्हणून मध्ये एक आणि दोन किलोओहमचे दोन रेझिस्टर घालून व्होल्टेज उतरवावं लागतं.

आता संरक्षण. बॅटरीच्या अगदी जवळ साडेसात अँपिअरचा फ्यूज हवा, गाडीत असतो तसा पातीचा, कुठल्याही ऑटो पार्ट्सच्या दुकानात मिळणारा. तो जाम झालेल्या मोटरला वाचवत नाही. शॉर्ट झाल्यावर वायर पेटू नये, एवढंच त्याचं काम. मोटरचा करंट ड्रायव्हरने आवरायचा असतो. उदाहरणार्थ, डीआरव्ही८८७१ या ड्रायव्हरला २२ किलोओहमचा रेझिस्टर लावला की तो करंट सुमारे २.९ अँपिअरवर अडवतो.

बॅटरी उलटी लागली तर काय? सोपा उपाय म्हणजे मार्गात एक डायोड. पण अर्ध्या व्होल्टचं नुकसान गुणिले पाच अँपिअर म्हणजे अडीच वॅटची उष्णता, आणि त्याहून वाईट म्हणजे डायोड करंटला मागे जाऊ देत नाही. धावती गाडी ब्रेक लावते तेव्हा मोटर जनरेटर होऊन वीज मागे ढकलते. बॅटरीकडची वाट बंद असेल, तर ती वीज बोर्डावरचं व्होल्टेज चढवत नेते. पी-चॅनल मॉसफेट इथे सरस ठरतो: दहा मिलिओहमचा घेतला तर पाच अँपिअरला फक्त पाव वॅट, आणि एकदा चालू झाल्यावर करंट दोन्ही दिशांनी जातो. फ्यूज उडाला तर मात्र ही वाटही बंदच, म्हणून सोबत पंधरा व्होल्टचा टीव्हीएस डायोड ठेवतात. तो पंधरावर अडवेल, हा गैरसमज आहे. जोरदार झटक्यात तो चोवीस व्होल्टच्या पुढेही चढू देतो. मागचे कपॅसिटर पंचवीस व्होल्टचे घेतले, तर ते अगदी काठावर राहतात, पस्तीसचे घ्यावेत.

लेआउटमध्ये सगळी गंमत परतीच्या वाटेची आहे. बॅटरीतून गेलेला करंट ग्राउंडवरून परत येतो, आणि तो कुठून येतो याकडे कोणी बघत नाही. नेहमीच्या बोर्डावर तांब्याचा थर ३५ मायक्रॉनचा असतो. त्यातली एक मिलिमीटर रुंद, दहा सेंटिमीटर लांब पट्टी साधारण ०.०५ ओहमची. पाच अँपिअर त्यातून गेले की पाव व्होल्टचा फरक पडतो. रेषा ओळखणाऱ्या सेन्सरचं ग्राउंड त्याच पट्टीवर असेल, तर ३.३ व्होल्टचे ४०९६ भाग करून मोजणाऱ्या चिपला वाचनात सुमारे तीनशेचा फरक दिसतो. मोटर जोरात फिरली की रोबोला रेषा सरकल्यासारखी वाटते. वाचन मोटरच्या वेगाबरोबर हलतं का, ते बघितलं की दोष कळतो.

शिवाय तापण्याचा प्रश्न. तापमान दहा अंशांपेक्षा जास्त वाढू द्यायचं नसेल, तर त्या एक मिलिमीटरच्या पट्टीने जेमतेम अडीच अँपिअर न्यावेत. पाचसाठी जवळपास तीन मिलिमीटर लागतात.

इलाज असा, की बोर्डाची खालची बाजू जवळजवळ सगळी ग्राउंडला द्यायची आणि ती कापायची नाही. अनेक जण मोटरचं ग्राउंड वेगळं म्हणून तिच्यात फट पाडतात; मग फटीवरून जाणाऱ्या सिग्नलचा परतीचा करंट लांब वळसा घेतो आणि गोंगाट वाढतो. फट पाडण्यापेक्षा भागांची जागा बदलणं बरं. बॅटरीचा कनेक्टर एका टोकाला, त्याला चिकटून ड्रायव्हर, मध्ये बक कन्व्हर्टर आणि दुसऱ्या टोकाला ईएसपी३२, अँटेना बोर्डाच्या कडेला आणि तिच्याखाली तांबं अजिबात नाही. मोटरचा करंट आला तिथूनच परत जातो, सेन्सरच्या बाजूला फिरकत नाही.

फाइल कारखान्याला पाठवण्याआधी बोर्ड खऱ्या मापात कागदावर छापून त्यावर कनेक्टर ठेवून बघावेत. शेजारच्या दोन प्लगना बोटांची जागा उरत नाही, हे पडद्यावर कधीच दिसत नाही. तयार बोर्ड हातात आला की बॅटरी लगेच लावू नये. आधी मल्टीमीटरने पुरवठा आणि ग्राउंड शॉर्ट नाहीत ना ते पाहावं. मग करंटची मर्यादा शंभर मिलिअँपिअरवर ठेवलेल्या पॉवर सप्लायवर, मोटर आणि ईएसपी३२ न लावता, आधी पाच आणि मग ३.३ व्होल्ट येतात का ते मोजावं. चिप त्यानंतर बसवावी आणि मर्यादा तेव्हाच वाढवावी, कारण वायफायच्या झटक्यांना शंभर मिलिअँपिअर पुरत नाहीत.