नभोवाणीच्या संहितेतील बोलभाषा : वाचन लपविण्याची काही तंत्रे

नभोवाणीवरील भाषण बहुधा कागदावरून वाचले जाते; तरीही ते कोणीतरी आपल्याशी बोलत आहे असे श्रोत्याला वाटावे, अशी अपेक्षा असते. हा भास केवळ वाचकाच्या आवाजावर सोडून चालत नाही. कागदावर ‘फुटले’ असेल तर वाचणारा ‘फुटले’ असेच उच्चारतो. त्यामुळे बोलीची रूपे संहितेतच लिहिली जाणे आवश्यक ठरते.

एक उदाहरण घेऊ. “१२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटल्यामुळे पुण्याच्या नदीकाठच्या वस्तीत पाणी शिरले व अनेक कुटुंबांना आपली घरे सोडावी लागली.” छापील लेखात हे वाक्य निर्दोष आहे. ऐकताना मात्र कारण, स्थळ आणि परिणाम यांचा भार एका श्वासावर पडतो. त्याचे वाच्य रूप असे करता येईल :

“१२ जुलै १९६१. पानशेत फुटलं. धरणाचं काम अजून पुरं व्हायचं होतं, तोवरच. पुण्यात पाणी चढतंय. नदीकाठची घरं सोडावी लागतायत माणसांना. कितीतरी कुटुंबांना.”

येथे तीन गोष्टी घडल्या आहेत. पहिली संक्षेपाची. ‘चढते आहे’चे ‘चढतंय’ आणि ‘लागत आहेत’चे ‘लागतायत’ झाले. ‘घरे’चे ‘घरं’ झाले. दुसरी पदक्रमाची. ‘माणसांना’ हे पद क्रियापदानंतर आले आणि ‘कितीतरी कुटुंबांना’ हा तुकडा त्यामागून सुटा आला. मराठी बोलणारा मुख्य विधान आधी करून त्याचा तपशील नंतर जोडतो. हा तुकडा तीच सवय पाळतो. तिसरी गोष्ट म्हणजे कंस नसलेले अवांतर. ‘काम अजून पुरं व्हायचं होतं’ हे विधान, धरण कसे फुटले असा प्रश्न श्रोत्याच्या मनात उमटण्याच्या क्षणीच येते.

अवांतराची कसोटीही हीच. श्रोत्याच्या संभाव्य प्रश्नाला ते उत्तर देत नसेल, तर ‘बरं का’, ‘काय सांगू’ अशी पेरणी केवळ लकब ठरते. प्रस्तुत उदाहरणासारख्या शोकविषयात तर ती औचित्यभंगच करते.

संक्षेपालाही मर्यादा आहे. आघात ‘आहे’वर असेल तेथे पूर्ण रूपच ठेवावे लागते : “पाणी वाढतं आहे, थांबलेलं नाही.” येथे ‘वाढतंय’ म्हटल्यास विरोध बोथट होतो. सर्वांत ढोबळ दोष मात्र मिश्रणाचा. एकाच परिच्छेदात ‘फुटले’ आणि ‘चढतंय’ आले, की लिहिणाऱ्याने काही जागा सुधारल्या व काही विसरल्या, हे कानाला लगेच कळते. यासाठी संहिता मोठ्याने वाचून पाहावी. जेथे जीभ कागदावरचे रूप टाळून दुसरेच रूप उच्चारते, तेथे जिभेचे रूप कागदावर उतरवावे. आणि जेथे श्वास वाक्याआधी संपतो, तेथे वाक्य तोडावे.