नळीतल्या ठिणगीतून रेणुसूत्र

वायुरूप हायड्रोकार्बनचे रेणुसूत्र काढायला तराजूच लागतो असे नाही; खुणा केलेल्या काचेच्या एका नळीवरही ते काम होते. युडिओमीटर नावाची ही नळी वरून बंद असते आणि पाऱ्यावर उपडी उभी केलेली असते. पाण्यात कार्बन डायऑक्साइड बऱ्यापैकी विरघळतो, म्हणून पारा. नळीत वायूबरोबर गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन घेऊन विजेची ठिणगी पाडतात.

समजा, १० मिलि वायू आणि ५० मिलि ऑक्सिजन घेतला. स्फोटानंतर नळी खोलीच्या तापमानाला आली, आतला व बाहेरचा पारा एका पातळीत आणला आणि उरलेला वायू ३५ मिलि भरला. म्हणजे आकुंचन २५ मिलि. मग नळीत कॉस्टिक पोटॅशचे द्रावण सोडले. त्याने कार्बन डायऑक्साइड शोषला आणि १५ मिलि ऑक्सिजन उरला. शोषण २० मिलि.

सारख्या तापमानाला आणि दाबाला वायूंच्या सारख्या आकारमानांत रेणूंची संख्या सारखी असते, हा ॲव्होगॅड्रोचा १८११चा विचार येथे उपयोगी पडतो. १० मिलि वायूपासून २० मिलि कार्बन डायऑक्साइड झाला, तेव्हा वायूच्या प्रत्येक रेणूत कार्बनचे दोन अणू आहेत.

हायड्रोजनचा हिशेब आकुंचनातून निघतो. कार्बनसाठी लागलेल्या ऑक्सिजनच्या जागी तेवढाच कार्बन डायऑक्साइड येतो, त्यामुळे तिथे घट होत नाही. घट दोनच गोष्टींनी होते: मूळ वायू नाहीसा होतो, आणि पाणी होण्यात गेलेला ऑक्सिजनही नाहीसा होतो, कारण वाफ थिजून तयार झालेल्या पाण्याचे आकारमान नगण्य असते. २५मधून वायूचे १० वजा केले की पाण्यासाठी १५ मिलि ऑक्सिजन लागला असे दिसते, म्हणजे वायूच्या एका रेणूमागे दीड रेणू. त्यात ऑक्सिजनचे तीन अणू. ते हायड्रोजनच्या सहा अणूंना पुरतात. वायू C₂H₆, म्हणजे इथेन. वापरलेल्या ऑक्सिजनवरून ताळा पडताळता येतो: कार्बनसाठी २० आणि पाण्यासाठी १५ मिळून ३५ मिलि, आणि नळीतून कमी झालेला ऑक्सिजनही तेवढाच.

नळी गरम असतानाच वाचन घेतले तर वाफ आकारमानात धरली जाते आणि हायड्रोजन कमी निघतो. ऑक्सिजन अपुरा पडला तर काजळी किंवा कार्बन मोनॉक्साइड होतो, आणि पोटॅश तो शोषत नाही. म्हणून शेवटी उरलेल्या वायूवर अल्कधर्मी पायरोगॅलॉल वापरतात. त्याने ऑक्सिजन शोषला जातो. तरीही काही उरले, तर ज्वलन अपुरे झाले असेल किंवा नमुन्यात नायट्रोजन मिसळलेला असेल.

एक फसगत मात्र या ताळ्यालाही सापडत नाही. मिथेन आणि प्रोपेन समप्रमाणात मिसळून तेच १० मिलि घेतले, तर आकुंचन २५ आणि शोषण २०च येते. मिश्रणाची सरासरी C₂H₆ आहे. नमुना एकाच वायूचा आहे, याची खात्री आधीच करावी लागते. शिवाय प्रोपीन आणि सायक्लोप्रोपेन या दोघांचे सूत्र C₃H₆ असल्याने त्यांच्यात ही नळी फरक करू शकत नाही.