भोकं नऊ, पाय बारा

भाच्याने पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने कॉम्प्युटर जोडला आणि तो चालू झाला नाही. सुटे भाग लॅमिंग्टन रोडवरून आणलेले. कॅबिनेट तेवढं घरातल्या जुन्या कॉम्प्युटरचं, कारण बरेचसे पैसे प्रोसेसरवर गेले होते. रविवारी दुपारी त्याचा फोन आला, "मामा, बटण दाबतोय, पण काहीच होत नाही. एसएमपीएसच खराब आलाय वाटतं. बदलून आणू का?"

"आधी काही उघडू नकोस," मी म्हटलं. "मी येतो."

नवा जोडलेला कॉम्प्युटर तीन प्रकारांनी बंद राहतो. एक म्हणजे बटण दाबलं तरी कसलीच हालचाल नाही. दुसरा, पंखे क्षणभर हलतात आणि लगेच थांबतात. तिसरा, पंखे मजेत फिरतात, पण डिस्प्ले येत नाही. दुरून पाहणाऱ्याला तिन्ही एकच वाटतात. प्रत्यक्षात वीज प्रत्येक वेळी वेगळ्या ठिकाणी अडलेली असते, आणि कुठे अडली ते या लक्षणावरूनच कळायला लागतं. भाच्याच्या मशीनमध्ये त्या संध्याकाळी तिन्ही प्रकार एकामागून एक पाहायला मिळाले.

सुरुवात पहिल्यापासून. मी गेलो तेव्हा बटण दाबून खरंच काही होत नव्हतं, पण मदरबोर्डच्या कोपऱ्यातला एक बारीक दिवा लागलेला होता. त्या दिव्याने एसएमपीएसवरचा निम्मा संशय तिथेच दूर केला. एसएमपीएसचं मागचं बटण चालू असलं की कॉम्प्युटर बंद असतानाही तो 5 व्होल्टचा एक लहानसा पुरवठा बोर्डाला देत राहतो. बोर्ड त्यावर जागा असतो आणि आपल्या बोटाची वाट पाहत असतो. कॅबिनेटवरचं बटण घरातल्या दिव्याच्या बटणासारखं वीज जोडत-तोडत नाही. ते दाबलं की बोर्डावरच्या दोन पिना क्षणभर एकमेकींना जोडल्या जातात. त्यावरून बोर्ड एसएमपीएसला खूण करतो आणि मग मोठा पुरवठा सुरू होतो. म्हणजे दिवा आहे पण हालचाल नाही, तर आधी पाहायचं की बटणाची खूण बोर्डापर्यंत पोचते का.

ही खूण नेणाऱ्या वायरी कॅबिनेटच्या पुढच्या बाजूने येतात. टोकाला छोटे काळे कनेक्टर असतात आणि त्यांवर इंग्रजीत पॉवर स्विच, रिसेट स्विच, हार्ड डिस्कचा दिवा, पॉवरचा दिवा असं त्रोटक छापलेलं असतं. बोर्डाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात त्यांच्यासाठी पिनांच्या दोन ओळी असतात. एका ओळीत पाच आणि दुसरीत चार, अशा नऊ. दहाव्या पिनेची जागा मुद्दाम रिकामी ठेवलेली असते, आणि तीच आपली खूणगाठ. बहुतेक बोर्डांवर ज्या ओळीत ही रिकामी जागा आहे, त्याच ओळीतल्या तिला लागून असलेल्या दोन पिना पॉवर स्विचच्या असतात. त्यांच्या अगदी समोर, दुसऱ्या ओळीत, रिसेटच्या दोन पिना. तरी बोर्डाच्या पुस्तिकेतली आकृती पाहूनच कनेक्टर लावावेत, कारण काही बोर्डांची मांडणी वेगळी असते.

मी भाच्याला म्हटलं, "आता रिसेटचं बटण दाबून बघ."

"रिसेट? पण चालूच झालेलं नाहीये ना मामा."

"दाब तर."

त्याने दाबलं, आणि पंखे हलले. क्षणभरच हलले आणि थांबले, पण हलले. पुस्तिका उलटी धरून त्याने दोन्ही कनेक्टर एकमेकांच्या जागी लावले होते. पॉवरचं बटण रिसेटच्या पिनांवर गेलं होतं, आणि बंद मशीनला रिसेटचा काहीच अर्थ नसतो. कॅबिनेटला रिसेटचं बटण नसेल, तर हीच तपासणी पेचकसाच्या टोकाने करता येते. पॉवर स्विचचा कनेक्टर काढून त्या दोन पिनांना पेचकस एक सेकंद टेकवायचा. मशीन हललं, तर दोष बटणात किंवा वायरीत. या दोन पिनांवर धोका नाही, मात्र पेचकस शेजारच्या पिनांना लागू द्यायचा नाही. स्विचच्या कनेक्टरला उलटसुलट असं काही नसतं. दिव्यांच्या कनेक्टरला असतं, पण ते उलटे बसले तर दिवा लागत नाही, एवढंच.

कनेक्टर अदलाबदल करून झाले. आता पॉवरच्या बटणानेही तेच होऊ लागलं: पंख्यांची अर्धी गिरकी आणि शांतता. पुन्हा बटण दाबलं तर काहीच नाही. मागचं बटण बंद करून थोड्या वेळाने परत लावलं, की पुन्हा एक अर्धी गिरकी.

भाचा म्हणाला, "आता तरी एसएमपीएसच ना?"

खरं तर एसएमपीएस आपलं काम चोख करत होता. कुठेतरी शॉर्ट असला, वीज जिथे जायला नको तिथून थेट परत येत असली, की तो स्वतःला बंद करून घेतो. अनेक एसएमपीएस मग मागचं बटण बंद करून पुन्हा लावेपर्यंत उठत नाहीत. अर्धी गिरकी दिसली की बटण पुनःपुन्हा दाबत बसू नये. दर वेळी आपण त्याच शॉर्टमधून वीज सोडत असतो, आणि एसएमपीएस दर वेळी वाचवेलच असं नाही.

मागचं बटण बंद केलं, वायर भिंतीतून काढली आणि बोर्डाचे स्क्रू सोडवले. बोर्ड थेट कॅबिनेटच्या पत्र्यावर बसत नाही. मधे छोटे षट्कोनी पितळी पाय असतात. दुकानात त्यांना स्टँडऑफ म्हणतात. ते पत्र्यात आटे देऊन बसवायचे आणि त्यांच्या डोक्यावर बोर्ड स्क्रूने आवळायचा. पाय लागतात कारण बोर्डाची पाठ म्हणजे सोल्डरच्या हजारो उघड्या टोकांचं रान. ती पत्र्याला टेकली तर सगळीकडे शॉर्ट. मग पितळ टेकलेलं कसं चालतं? बोर्डाच्या भोकांभोवती धातूची कडी असते आणि ती मुळातच बोर्डाच्या अर्थिंगला जोडलेली असते. पाय भोकाखाली असेल, तर तो अर्थिंगला टेकतो आणि काही बिघडत नाही. तोच पाय भोक नसलेल्या जागी आला, तर सोल्डरच्या टोकांत घुसतो.

बोर्ड उचलून मी भाच्याला फक्त मोजायला सांगितलं. बोर्डाला भोकं नऊ. पत्र्यावर पाय बारा.

घोळ जुन्या कॅबिनेटचा होता. आधीचा बोर्ड मायक्रो एटीएक्स, म्हणजे 244 बाय 244 मिलिमीटरचा. नवा पूर्ण एटीएक्स, 305 बाय 244 मिलिमीटरचा. पूर्ण मापाच्या या दोन्ही प्रकारांना नऊ-नऊ भोकं असतात आणि त्यांतली सहा एकाच जागी येतात. फरक असतो तो खालच्या तीन भोकांच्या ओळीचा. छोट्या बोर्डाची खालची ओळ मोठ्या बोर्डाच्या पोटाखाली येते. नवा बोर्ड ठेवल्यावर तळाला तीन भोकं मोकळी दिसली, तेव्हा भाच्याने तिथे तीन नवे पाय बसवले. ते बरोबरच होतं. मधली जुनी तीन काढायची मात्र राहिली, कारण बोर्ड ठेवला की ती दिसतच नाहीत. त्यांतला एक पाय ग्राफिक्स कार्डाच्या स्लॉटखालच्या सोल्डरला टेकला होता. बोर्डाच्या पाठीवर तिथे बारीक ओरखडाही दिसत होता.

पकडीने तिन्ही पाय काढले. काही कॅबिनेटमध्ये पाय सुटे नसतात, पत्र्यालाच उंचवटे असतात. मग असा नको तिथला उंचवटा काढता येत नाही आणि त्या कॅबिनेटचा नाद सोडावा लागतो. पायांची खात्री करण्याचा एक सोपा उपाय आहे: कागदावर बोर्डाची भोकं गिरवून घ्यायची आणि तो कागद पत्र्यावर धरून पाहायचा.

बोर्ड लगेच आत न बसवता आम्ही तो त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवला. ज्या चकचकीत पिशवीतून बोर्ड येतो तिच्यावर ठेवायचा नाही, कारण अशा काही पिशव्यांमधून वीज वाहू शकते. बोर्डावर प्रोसेसर, त्याचा कूलर आणि रॅमची एकच पट्टी. बाकी सगळं बाजूला. बाहेर चालला आणि आत बंद पडला, तर दोष कॅबिनेटशी येणाऱ्या संबंधात, हे या एका प्रयोगात कळतं.

पेचकस टेकवला. पंखे फिरले आणि फिरतच राहिले. भाचा टाळ्या वाजवणार तोच म्हणाला, "डिस्प्ले कुठाय?"

हा तिसरा प्रकार. बोर्डावर सीपीयू असं लिहिलेला लाल दिवा लागला होता, पण तो दिवा नसता तरी मी कूलरच्या वरचा डावा कोपरा आधी पाहिला असता. तिथलं आठ भोकांचं सॉकेट रिकामं होतं. बोर्डाला रुंद 24 पिनांची केबल लावली म्हणजे झालं, असं भाच्याला वाटलं होतं. एकेकाळी ते खरंही होतं. पण इंटेलचा पेंटियम 4 आला त्या सुमारास, 2000 साली, प्रोसेसरसाठी 12 व्होल्टची वेगळी चार पिनांची केबल आली. आज ती बहुधा आठ पिनांची असते. तिची गरज हिशेबातून कळते. प्रोसेसर चालतो साधारण 1 व्होल्टवर. तो 65 वॉट खात असेल, तर 1 व्होल्टला 65 अँपिअर लागतील, आणि एवढा प्रवाह बारीक वायरींतून आणणं शक्य नाही. म्हणून वीज 12 व्होल्टने आणायची, म्हणजे साडेपाच अँपिअरच्या आसपास भागतं, आणि प्रोसेसरच्या शेजारच्या सर्किटने तिथल्या तिथे व्होल्टेज उतरवायचं. पंख्यांना मात्र त्यांचे 12 व्होल्ट मोठ्या केबलमधूनच मिळतात. म्हणून प्रोसेसर उपाशी असतानाही ते फिरतात आणि आपली फसगत होते. काही बोर्ड असं झाल्यावर चालू होऊन लगेच बंदही पडतात, त्यामुळे अर्धी गिरकी दिसली तरी पाय मोजण्याआधी या सॉकेटवर नजर टाकावी.

भाच्याने हाताला लागलेली आठ पिनांची केबल उचलली आणि दाबू लागला. "मामा, बसत नाहीये."

"बसणारच नाही. ती ग्राफिक्स कार्डाची."

दोन्ही केबल आठ पिनांच्या, पण एकीत 12 व्होल्ट ज्या बाजूला, दुसरीत तिथे अर्थिंग. जोर करून बसवली तर सरळ शॉर्ट. चूक होऊ नये म्हणून भोकांचे आकार वेगळे ठेवलेले असतात, काही चौकोनी, काही कडा गोल केलेली. ग्राफिक्स कार्डाची केबल सुटते सहा आणि दोन अशी, प्रोसेसरची चार आणि चार अशी. ओळख पटवायला एवढं पुरतं. एसएमपीएसच्या केबल सुट्या होणाऱ्या असतील, तर दुसऱ्या कंपनीची किंवा जुन्या एसएमपीएसची केबल कधीच वापरायची नाही. बोर्डाकडचं टोक सारखं असलं, तरी एसएमपीएसकडच्या टोकाची मांडणी ज्याची त्याची असते.

चार-चारची खरी केबल गुंडाळीत बांधलेलीच सापडली. ती लावली, खटका अडकल्याचा आवाज आला आणि पेचकस पुन्हा टेकवला. पडदा काळाच राहिला. भाच्याचा हात मागच्या बटणाकडे गेला, तो मी धरला. डीडीआर5 प्रकारची रॅम पहिल्यांदा जुळवून घ्यायला बोर्डाला कधीकधी काही मिनिटं लागतात, आणि तेवढ्यात वीज तोडली की पहिल्यापासून सुरुवात. दीडेक मिनिटाने पडद्यावर बोर्डाच्या कंपनीचं नाव उमटलं.

मग बोर्ड कॅबिनेटमध्ये बसवायची वेळ आली. भाच्याने स्क्रूंच्या वाटीला हात घालण्याआधी पत्र्यावरचे पाय मोजले, मग बोर्ड उलटा करून भोकं मोजली. दोन्हीकडे नऊच होते. काढलेले तीन पाय अजून त्याच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये आहेत.