सरासरी पगार चाळीस हजार, मग माझ्या हातात वीसच का?

पुण्याजवळ भोसरीला एक छोटं वर्कशॉप आहे असं धरू. आकडे मी सोयीसाठी ठरवले आहेत, पण पगाराचा डेटा रोज हाताळणाऱ्या माणसाला ते ओळखीचे वाटतील. पगारपत्रकावर नऊ नावं आहेत. दोन हेल्पर, त्यांना १४ आणि १५ हजार. पॅकिंगच्या ताईंना १६. नवा ऑपरेटर १८, सीएनसी मशीनवरचा २०, त्याच्यापेक्षा जुना २२. अकाउंटंट २५, सुपरवायझर ३०. नववं नाव मालकांच्या चिरंजीवांचं. ते डायरेक्टर आहेत आणि त्यांचा पगार महिन्याला दोन लाख.

सगळ्यांची बेरीज होते ३ लाख ६० हजार. तिला नऊने भागलं की सरासरी येते ४० हजार. आता ही सरासरी हातात धरून शॉपमध्ये एक फेरी मारा आणि चाळीस हजारांच्या आसपास पगार असलेला माणूस शोधा. सापडणार नाही. आठ जण तिच्या बरेच खाली आहेत आणि एक जण कितीतरी वर. ‘आमच्याकडे सरासरी पगार चाळीस हजार आहे’ हे वाक्य खोटं नाही, पण ते या नऊपैकी एकाचंही वर्णन करत नाही.

मीडियन, म्हणजे शाळेच्या पुस्तकातला मध्यक, वेगळ्या रीतीने काढतात. त्यात बेरीज नाही, भागाकार नाही. सगळ्यांना पगाराच्या चढत्या क्रमाने ओळीत उभं करायचं आणि बरोबर मधल्या माणसाला त्याचा पगार विचारायचा. नऊ जणांत मधला पाचवा, आपला सीएनसी ऑपरेटर. त्याचे २० हजार हाच मीडियन. चार जण त्याच्या खाली, चार वर. माणसं दहा असती तर नेमका मधला कुणी उरला नसता. मग पाचव्या आणि सहाव्याच्या पगाराची सरासरी काढतात.

पुढच्या वर्षी डायरेक्टरांचा पगार दोन लाखांवरून २ लाख ९० हजार झाला आणि बाकी कुणाला एक रुपयाही वाढ मिळाली नाही, असं समजा. सरासरी ४० वरून ५० हजारांवर जाते. ‘सरासरी पगारात २५ टक्के वाढ’ असं कुणी छापलं तर गणिताच्या शिक्षकालाही त्यात चूक काढता येणार नाही. मीडियन मात्र जागचा हलत नाही, कारण रांगेच्या टोकाचा माणूस कितीही उंच झाला तरी मधला माणूस बदलत नाही.

पगारांच्या बाबतीत हे पुन्हापुन्हा घडतं, त्याला कारण आहे. पगाराला खालून एक मर्यादा असते. किमान वेतनाचा कायदा आहे, आणि कायदा नसता तरी शून्याखाली कुणाचा पगार जात नाही. वरून तशी मर्यादा नाही. त्यामुळे बहुतेक माणसं खालच्या बाजूला गर्दी करून असतात आणि मोजकी वर लांबवर पसरलेली असतात. ती मोजकी माणसं सरासरीला आपल्याकडे ओढतात. म्हणून पगाराच्या यादीत सरासरी मीडियनपेक्षा मोठी निघणं हेच नेहमीचं. दोन्ही आकडे मिळाले तर मी आधी त्यांच्यातलं अंतर बघतो. वर्कशॉपमध्ये सरासरी मीडियनच्या दुप्पट आहे, म्हणजे वर कुणीतरी फार मोठं बसलंय, हे यादी न बघताही कळतं.

एवढ्यावरून सरासरीला टाकाऊ ठरवू नका. अकाउंटंटला पुढच्या महिन्याची पगाराची तरतूद करायची असेल तर त्याला सरासरीच लागते: ४० हजार गुणिले नऊ, बरोबर ३ लाख ६० हजार. मीडियनला नऊने गुणलं तर १ लाख ८० हजार येतात आणि त्यात निम्म्याच पगारांची सोय होईल. दोन वर्कशॉपची सरासरी आणि माणसांची संख्या ठाऊक असेल तर एकत्र सरासरी काढता येते. दोन मीडियनवरून एकत्र मीडियन काढता येत नाही, मूळ याद्याच मागाव्या लागतात. शिवाय मीडियनला तळाचंही दिसत नाही. उद्या दोन्ही हेल्परांचे पगार दोन-दोन हजारांनी कापले तरी मीडियन २० हजारच राहील.

इथपर्यंतचं बऱ्याच जणांना ठाऊक असतं. मीडियन हा प्रामाणिक आकडा असल्याने त्याला फसवता येत नाही, हा समज मात्र मला धोक्याचा वाटतो. त्याला फसवायला कुणाच्या पगाराला हात लावावा लागत नाही, फक्त रांगेत कोण उभं आहे ते बदलावं लागतं.

वर्कशॉपचं वर्ष चांगलं गेलं. मालकांनी सरसकट सगळ्यांना दहा टक्के वाढ दिली. काम वाढलं म्हणून १४ हजारांवर चार नवी मुलंही घेतली. आता रांगेत तेरा जण आहेत आणि मधला आहे सातवा. चार नव्या मुलांनंतर दोन हेल्पर, त्यांच्यानंतर पॅकिंगच्या ताई. त्यांचे १६ हजार वाढून १७ हजार ६०० झालेत, आणि तोच नवा मीडियन. म्हणजे जुन्या प्रत्येकाला दहा टक्के जास्त मिळतात, नव्या चौघांना नोकरी मिळाली, आणि मीडियन मात्र २० हजारांवरून बारा टक्के घसरला. सरासरीही ४० हजारांवरून ३५ हजारांच्या खाली आली. फक्त हे दोन आकडे बघणाऱ्याला वाटेल की या वर्कशॉपचं काही खरं नाही.

आता याच्या उलट करून बघा. मूळ नऊ जणांतले खालचे चार, म्हणजे दोन्ही हेल्पर, पॅकिंगच्या ताई आणि नवा ऑपरेटर, ठेकेदाराकडे वर्ग केले. ते त्याच शेडमध्ये, त्याच मशीनवर, तेवढ्याच पैशात काम करतात, पण त्यांची नावं आता कंपनीच्या पगारपत्रकावर नाहीत. उरलेल्या पाच जणांत मधला आहे अकाउंटंट, पगार २५ हजार. कुणाच्याही खिशात एक रुपया जास्त गेला नाही आणि मीडियन २५ टक्क्यांनी वाढला.

म्हणून दोन वर्षांच्या मीडियनची तुलना करताना मी सगळ्यात आधी माणसांची संख्या विचारतो. ती फार बदलली असेल तर दोन्ही वर्षी नोकरीत असलेल्यांची वेगळी यादी काढायची, प्रत्येकाची वाढ किती टक्के ते लिहायचं आणि त्या टक्केवाऱ्यांचा मीडियन काढायचा. वर्कशॉपच्या पहिल्या उदाहरणात असं केलं तर उत्तर येतं दहा टक्के, आणि कामगारांचा अनुभवही तोच आहे.

हा सगळा हिशेब आपल्याकडे कायद्यातही आला आहे. कंपनी कायदा २०१३ चं कलम १९७ आणि त्याखालचे २०१४ चे नियम यांनुसार शेअर बाजारात नोंदलेल्या प्रत्येक कंपनीला सांगावं लागतं की तिच्या प्रत्येक संचालकाचा मोबदला मीडियन कर्मचाऱ्याच्या मोबदल्याच्या किती पट आहे. मीडियन म्हणजे काय, याची व्याख्यासुद्धा त्या नियमातच दिली आहे: क्रमाने लावा, मधला घ्या, संख्या सम असेल तर मधल्या दोघांची सरासरी. सरकारी नियमात शाळेचं गणित इतकं सरळ लिहिलेलं क्वचित सापडतं.

तुमच्याकडे एखाद्या कंपनीचे शेअर असोत वा नसोत, तिचा वार्षिक अहवाल वेबसाइटवर मिळतो. पीडीएफ उघडून `median` असा शोध घ्या. संचालक मंडळाच्या अहवालाला जोडलेल्या परिशिष्टात तुम्ही पोचाल. तिथे संचालकांच्या पटींखेरीज तीन गोष्टी जवळजवळ दिलेल्या असतात: मीडियन मोबदल्यात वर्षभरात किती टक्के वाढ झाली, वरिष्ठ व्यवस्थापन सोडून इतरांचे पगार सरासरी किती टक्के वाढले, आणि कायम कर्मचारी किती. पहिले दोन आकडे जुळत नाहीत म्हणून लोक गोंधळतात. वर्कशॉपचं गणित केलेल्याला ते कोडं वाटणार नाही. पगार आठ टक्के वाढले पण मीडियन दोनच टक्के वाढला असेल, तर त्या वर्षी बहुधा कमी पगारावर बरीच भरती झाली असेल. मीडियन पगारवाढीच्या पुढे पळाला असेल तर खालची माणसं कुठे गेली ते विचारावं. आणि मोजणीत फक्त कायम कर्मचारी आहेत का, हेही तिथेच तपासून घ्यावं.

स्वतःच्या ऑफिसची किंवा संस्थेची यादी असेल तर हे काम एक्सेलमध्ये दोन ओळींचं आहे:

```
=AVERAGE(B2:B10)
=MEDIAN(B2:B10)
```

यादी आधी क्रमाने लावायचीही गरज नाही. खड्डा दुसरीकडे आहे. रिकामी चौकट ही दोन्ही सूत्रं सोडून देतात, पण शून्य मात्र मोजतात. बिनपगारी रजेवर असलेल्याच्या नावापुढे कुणी ० टाकलं तर आकडा खाली येतो, चौकट कोरी ठेवली तर तो माणूस हिशेबातच नसतो. पगार ‘मजकूर’ म्हणून टाइप झाला असेल, तर तोही गुपचूप गळतो. `=COUNT(B2:B10)` लिहून नऊ येतात का, ते आधी बघावं.

कोरी चौकट की शून्य, हा प्रश्न सगळ्यात महाग पडतो तो कॉलेजच्या प्लेसमेंटमध्ये. जाहिरातीत ‘सरासरी पॅकेज’ असतं. एखाद-दुसऱ्या विद्यार्थ्याला परदेशात किंवा मोठ्या कंपनीत भलंमोठं पॅकेज मिळालं की ते कसं फुगतं, हे आता सांगायला नको. म्हणून पालक मीडियन विचारतात, ते बरोबरच आहे. पण ६१ जणांच्या वर्गात ३१ जणांना नोकरी लागली आणि ३० जणांना लागली नाही असं धरा. कॉलेज सांगतं तो मीडियन ३१ जणांमधला, म्हणजे नोकरी लागलेल्यांत सोळावा. त्याला सहा लाख असतील. सगळ्या वर्गाची रांग लावली आणि नोकरी न लागलेल्यांना शून्य धरलं, तर मधला येतो एकतिसावा, म्हणजेच नोकरी लागलेल्यांत सगळ्यात कमी पगाराचा विद्यार्थी. त्याला अडीच लाख असतील. आणखी एकाची नोकरी हुकली असती तर वर्गाचा मीडियन शून्यावर आला असता, आणि जाहिरातीतला मात्र सहा लाखांच्या आसपासच राहिला असता.

शून्य धरणं नेहमी न्याय्य असतं असंही नाही, कारण काही जण पुढच्या शिक्षणाला जातात. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीसाठी संस्थांना जी माहिती भरावी लागते, तिच्यात हे रकाने शेजारी शेजारी आहेत: वेळेत उत्तीर्ण झालेले किती, नोकरी लागलेले किती, त्यांचा मीडियन पगार किती आणि उच्च शिक्षणासाठी निवड झालेले किती. सहभागी कॉलेजच्या वेबसाइटवर `NIRF` नावाच्या दुव्याखाली ही फाइल मिळते. उत्तीर्णांतून उच्च शिक्षणाला गेलेले वजा करा आणि उरलेल्यांपैकी नोकरी किती जणांना लागली ते बघा. ते प्रमाण निम्म्याच्या खाली असेल, तर शेजारच्या रकान्यातला मीडियन कितीही चांगला दिसो, तो निम्म्याहून कमी मुलांबद्दल बोलतोय.